टिकटॉक अजून चालू आहे, आमच्या निबंधात

प्रति,
बारावीच्या मराठीची गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच लिहिणारे लेखक, नमुना उत्तरांच्या झेरॉक्स वाटणारे क्लासवाले, आणि उत्तरपत्रिका तपासणारे माझे कनिष्ठ महाविद्यालयातले सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवते. जानेवारीत आमच्या पूर्वपरीक्षेत निबंधासाठी एक विषय होता ‘समाजमाध्यमे आणि किशोरवयीन मुले’. माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यात अठ्ठावन्न उत्तरपत्रिका होत्या. त्यांतल्या एकेचाळीस मुलांनी हाच विषय घेतला, आणि त्यांतल्या चौतीस जणांचं पहिलं वाक्य एकच होतं : “आजचे युग हे माहिती-तंत्रज्ञानाचे युग आहे.” दुसरं वाक्यही एकच, तिसरंही. पुढे शाप, वरदान, नाण्याच्या दोन बाजू, दुधारी तलवार, आणि शेवटी “अति तेथे माती”. एकाने घाईत “दुधारी तलवार” ऐवजी “दुधाची तलवार” लिहिलं होतं. तेवढंच काय ते नवीन.

मी हे हसत हसत सोडून दिलं असतं. दरवर्षी सोडतेच. पण यंदा दोन गोष्टी घडल्या. दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीने हा विषय स्वतःच्या मनाने लिहिला आणि तिला सहापैकी दोन गुण मिळाले. शेरा होता “मुद्दे नाहीत, विषयांतर”. आणि निकालानंतरच्या विभागाच्या बैठकीत असं ठरलं, की बोर्डाच्या परीक्षेआधी सर्व मुलांना एकच नमुना उत्तर झेरॉक्स करून द्यायचं, “म्हणजे असली जोखीम कुणी घेणार नाही”. मी विरोध नोंदवला, पण मी एकटीच होते. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करते. जे नमुना उत्तर आता झेरॉक्स होऊन वाटलं जाणार आहे, त्याच्या मधल्या परिच्छेदात “आभासी मित्रांच्या गर्दीत माणूस एकाकी पडला आहे” असं एक वाक्य आहे. ते वाक्य मी 2016 मध्ये वर्गात उतरवून दिलं होतं. तेव्हा मला ते फार छान वाटलं होतं. कुणाच्या तरी वहीतून ते क्लासमध्ये गेलं, क्लासमधून प्रश्नसंचात, आणि आता माझ्याच टेबलावर परत आलं आहे. त्यामुळे पुढे जे म्हणते ते मलाही लागू आहे.

पहिली तक्रार : हे उत्तर ज्या मुलांविषयी आहे, ती मुलं त्यात नाहीत.

झेरॉक्समध्ये फेसबुक आहे, ऑर्कुटचाही ओझरता उल्लेख आहे, आणि “टिकटॉकसारख्या ॲपवर मुले तासन्‌तास वाया घालवतात” असं वर्तमानकाळात लिहिलेलं आहे. टिकटॉकवर भारतात बंदी आली 29 जून 2020 रोजी. आजची बारावी तेव्हा सातवीत होती. बंदीला दहा दिवसही झाले नव्हते, तोवर इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि टिकटॉकवरची बरीच जनता तिकडे गेली. एक ॲप गेलं आणि सवय तशीच राहिली, हे या मुलांनी स्वतः पाहिलेलं आहे. निबंधाला यापेक्षा चांगली सुरुवात कुठली? पण आपण त्यांच्याकडून बंद पडलेल्या ॲपबद्दल चालू काळात लिहून घेतो, आणि तेही शुद्धलेखनाचे गुण कापत.

दोन गुण मिळालेल्या मुलीने काय लिहिलं होतं ते सांगते. तिची आणि तिच्या मैत्रिणीची स्नॅपचॅटवर चारशे अकरा दिवसांची स्ट्रीक होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दोघींनी एकमेकींना रोज, चोवीस तासांच्या आत, एक तरी फोटो पाठवायचा. नावापुढे ज्वाळेचं चिन्ह आणि दिवसांचा आकडा येतो. साधा मजकूर पाठवलेला मोजत नाहीत. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसायला लागतं, आणि एकीने जरी चुकवलं तरी दोघींचा आकडा शून्यावर. ऑक्टोबरमध्ये ही मुलगी डेंग्यूने आजारी पडली. दवाखान्यात सलाइन लावलेलं, ताप एकशे तीन. तिने आईचा फोन मागून घेतला आणि मैत्रिणीला स्वतःचा पासवर्ड पाठवला, की “माझ्या खात्यातून तूच तुला पाठव”. पाच दिवस ती मैत्रीण दोन्ही बाजूंनी स्वतःलाच काळ्या पडद्याचे फोटो पाठवत राहिली. मुलीने पुढे लिहिलं होतं : “बरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या पाच दिवसांत तिने मला एकदाही ‘कशी आहेस’ असं विचारलं नव्हतं. स्ट्रीक मात्र चालू होती.”

या दोन वाक्यांपुढे माझं ‘आभासी मित्रांची गर्दी’ ठेवून बघा. मला तर लाज वाटली. आणि आपण तिला लिहिलं, मुद्दे नाहीत.

दुसरी तक्रार : शाप की वरदान या तराजूमुळे यंत्र कसं चालतं ते कुणी सांगतच नाही.

नमुना उत्तरात तीन फायदे आणि तीन तोटे असतात. ज्ञान मिळते, मैत्री वाढते, व्यवसायाला संधी मिळते. वेळ जातो, डोळे बिघडतात, गुन्हे वाढतात. ही यादी टीव्हीला लागू होती, त्याआधी सिनेमालाही लागू होती. हाच निबंध मी 1996 मध्ये ‘दूरदर्शन : शाप की वरदान’ या नावाने लिहिला आहे आणि मला त्यात चांगले गुण पडले होते. एकाच साच्यात तीस वर्षांची सगळी यंत्रं बसत असतील, तर त्या साच्यातून एकाही यंत्राबद्दल काही कळत नाही.

त्या मुलीच्या गोष्टीत मात्र यंत्र आहे. स्ट्रीक कशी चालते बघा : रोजची मुदत, तोट्याची भीती, आणि तो तोटा आपल्या एकटीचा नसून मैत्रिणीचाही. शिवाय तुटलेली स्ट्रीक पैसे भरून जोडून घ्यायची सोय त्या ॲपने ठेवलेली आहे. म्हणजे आधी भीती निर्माण करायची आणि मग त्या भीतीवरचं औषध विकायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने जवळजवळ लिहिलंच होतं; शिक्षकाने एक वाक्य पुढे ढकललं असतं तर तिथे पोचली असती.

तसंच न संपणाऱ्या पडद्याचं. पूर्वी वेबपानाला खाली ‘पुढचे पान’ असं बटण असायचं. ते दाबण्याआधी क्षणभर थांबावं लागे, आणि त्या क्षणी माणसाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवे. 2006 मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने बटण काढून टाकणारी, बोट सरकवू तसं आपोआप पुढचं आणणारी पद्धत तयार केली. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. “मुलांचा संयम सुटला आहे” हे वाक्य आणि “थांबण्याची जागा काढून घेतली आहे” हे वाक्य, यांत फरक आहे. पहिल्यात दोष मुलाच्या स्वभावाचा होतो. दुसऱ्यात मुलगा विचारू शकतो, की ती जागा कोणी काढली आणि का. बारावीच्या निबंधाला ‘वैचारिक’ म्हणायचं तर निदान एवढा प्रश्न तरी त्यात यायला हवा.

तिसरी तक्रार आकड्यांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नमुना उत्तरात “एका सर्वेक्षणानुसार 70 टक्के मुले नैराश्याने ग्रासली आहेत” असं आहे. कुठलं सर्वेक्षण, कुणाचं, कधीचं, काही नाही. मी शोधलं, मला सापडलं नाही. यंदाच्या उत्तरपत्रिकांत त्याचे 70, 75, 80 आणि एके ठिकाणी 90 टक्के झालेले आहेत, कारण पाठ केलेला आकडा आठवला नाही की मूल वरच्या बाजूला चुकतं. तपासणारा त्याखाली ‘छान!’ लिहितो. म्हणजे समाजमाध्यमांवर खोट्या बातम्या पसरतात असा उपदेश करणाऱ्या निबंधात आपण मुलांना खोटा आकडा पुढे पाठवायला शिकवतो, आणि त्यावर गुणही देतो.

खरे आकडे आहेत, आणि ते जास्त रंजक आहेत, कारण ते एकमेकांशी भांडतात. 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला फार तर 0.4 टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जुळतो, असं त्यांना आढळलं. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याचाही संबंध तपासला होता, तो जवळपास तेवढाच निघाला. हे वर्गात सांगितलं की मुलं टाळ्या वाजवतात. थांबा म्हणते. कारण 2021 मध्ये फेसबुकमधून फ्रान्सिस हॉगेन यांनी जी अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली, त्यांत कंपनीच्याच पाहणीत असं होतं, की ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या 32 टक्के मुली म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं.

मग खरं काय? दोन्ही खरं असू शकतं. साडेतीन लाखांची सरासरी काढली की ज्याला काहीच झालं नाही आणि जिला फार झालं ते दोघं एकाच आकड्यात मिसळतात. आपल्या नदीची सरासरी खोली कंबरेएवढी आहे म्हणून तिथे कुणी बुडत नाही असं थोडंच आहे? डोह वेगळा असतो. आणि 32 टक्के म्हणजे सगळ्या मुलींतल्या 32 टक्के नव्हेत, आधीच खट्टू असलेल्यांतल्या. ‘कशातले किती’ हे न सांगता आकडा लिहिला तर तो चुकतो. आणखी एक सांगावं लागतं : फोनमुळे मूल उदास होतं, की उदास मूल फोनकडे जास्त वळतं, हे अशा पाहणीतून एकदम ठरत नाही. माझ्या वर्गात यावर पाऊण तास वाद झाला. त्या तासाला शेवटच्या बाकावरचे दोघं पहिल्यांदा बोलले.

चौथी तक्रार सांगायला अवघड आहे, कारण त्यात एका मुलाची अडचण आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला हा निबंध आला होता आणि सहापैकी पाच गुण मिळाले होते. त्यात “सायबर गुन्ह्यांचे प्रमाण दिवसेंदिवस वाढत आहे, तरुणांनी सावध राहावे” हे वाक्य वळणदार अक्षरात होतं. त्यानंतर महिन्याभरात तो मला वर्गाबाहेर भेटायला आला. एका अनोळखी मुलीच्या नावाच्या खात्याशी त्याची ओळख झाली होती, एका व्हिडिओ कॉलवर त्याचं चित्रण झालं, आणि आता ते सगळ्या नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागत होते. त्याने आधी पंधराशे दिले होते, मग वडिलांच्या फोनवरून चार हजार. दिले की पुढची मागणी येत होती. घाबरून त्याने ते खातं ब्लॉक केलं होतं, सगळं बोलणं पुसून टाकलं होतं, आणि ‘मॅडम, आता काय करू’ म्हणत माझ्यासमोर उभा होता. मलाही माहीत नव्हतं. पाच गुण मिळवून देणारं वाक्य त्याच्याकडे होतं आणि ते वाक्य मीच त्याला दिलं होतं. उपयोगाचा एक शब्द आम्हा दोघांकडे नव्हता.

नंतर मी शिकले ते असं. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की आपण देणारे आहोत हे समोरच्याला कळतं. ब्लॉक करायच्या आधी बोलण्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे, त्या खात्याची लिंक उतरवून ठेवायची (नाव बदलता येतं म्हणून), आणि पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक ठेवायचा. मग त्याच ॲपमध्ये तक्रार, आणि 1930 या क्रमांकावर फोन किंवा cybercrime.gov.in वर नोंद. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन, तितकी ते पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी Take It Down नावाची मोफत सोय आहे : ती फोटोचा किंवा व्हिडिओचा एक आकडी ठसा मुलाच्याच फोनवर तयार करते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारखी सहभागी ॲपं त्या ठशावरून ते चित्र शोधून काढतात. सगळं पुसलं जाईलच अशी खात्री नसते. जे ॲप सहभागी नाही तिथे ठसा उपयोगाचा नाही, आणि चित्रण आपल्याकडे नसून त्यांच्याच फोनवर असेल तर ठसा तरी कशाचा घेणार? त्या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. पण रात्री झोप लागेल इतकं तरी हाताशी असतं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या मदतवाहिनीचा 14416 आहे, आणि मुलांसाठीचा 1098.

हा माझ्या एकटीच्या वर्गाचा अनुभव नाही. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 76 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासाशी संबंधित कामासाठी 57 टक्क्यांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखादं खातं ब्लॉक करणं किंवा त्याची तक्रार करणं 62 टक्क्यांना ठाऊक होतं. स्वतःचं खातं खासगी कसं करायचं ते जेमतेम 55 टक्क्यांना. म्हणजे साधारण दर दोनांतल्या एकाचं दार उघडं, आणि कडी कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. “सावध राहावे” याने ती सापडत नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. आपल्या नमुना उत्तराचा शेवट नेहमी असा असतो, की “मुलांनी याचा सुजाणपणे वापर केला तर हे वरदान ठरेल”. सगळं मुलाच्या गळ्यात. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा केला, तो 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला : सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कंपनीची, दंड कंपनीला, मुलाला किंवा आईबापाला शिक्षा नाही. तो कायदा बरा की वाईट यावर वाद घालता येईल. मला स्वतःला तो पाळला जाईल याची खात्री वाटत नाही, कारण माझ्या वर्गात प्रत्येकाने वय कधी ना कधी खोटं लिहिलेलं आहे. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण ‘मूल’ आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्याच्यावर पाळत ठेवून त्याला उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण या तरतुदी लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. बारावीचा मुलगा या कायद्यात स्वतः बसतो. हे त्याला निबंधात लिहिता येऊ नये?

तुमच्यातले काही जण म्हणतील, मॅडम, बोलणं सोपं आहे, आमच्याकडे एकशे वीस मुलांची तुकडी आहे, निम्म्यांना चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत, त्यांना हाताशी काहीतरी हवंच. बरोबर आहे. मलाही हवं असतं. म्हणून मी नुसतं नाही म्हणत नाही. यंदा मी वर्गात जे नमुना उत्तर दिलं ते खाली देते. ते कुणीही घ्यावं, छापावं. फक्त पहिला परिच्छेद त्यात कोरा आहे, आणि तो कोराच ठेवायचा आहे.

चारशे अकराव्या दिवशी

(पहिला परिच्छेद : पाच-सहा ओळी. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी फोनवर केलेली एक गोष्ट. ॲपचं नाव, वेळ, जागा लिहा. ‘आजचे युग’ लिहायचं नाही.)

हे का घडलं? मला आधी वाटलं, की माझाच ताबा सुटला. पण नीट पाहिलं तर त्या ॲपमध्ये थांबायला जागाच ठेवलेली नाही. एक चित्रफीत संपली, की बोट सरकवताच दुसरी सुरू होते. जितका वेळ मी पाहतो, तितक्या जाहिराती मला दाखवता येतात, आणि कंपनीची कमाई त्या जाहिरातींवर चालते. मी फुकट वापरतो असं मला वाटतं. खरं तर माझा वेळ विकला जातो.

याचा अर्थ सगळं वाईटच असतं असा नाही. आमच्या गावात ग्रंथालय नाही, पण गणिताची अवघड उदाहरणं मी फोनवरच्या व्हिडिओंतून शिकलो. तोच फोन, तेच ॲप. फरक एवढाच, की तेव्हा काय शोधायचं ते मी ठरवलं होतं, आणि रात्री अकरा वाजता माझ्यासाठी ते ॲपने ठरवलं.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. खातं खासगी केलं आणि रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायला लागलो. पहिले चार दिवस झोप आली नाही. पण माझ्या एकट्याच्या नियमाने पुरत नाही. मुलांच्या खात्यांवर रात्री सूचना बंद असणं, अनोळखी माणसांचे संदेश अडवलेले असणं, हे आधीपासूनच चालू असायला हवं. आम्ही शोधून चालू करावं असं नको.

हे उत्तर फार भारी आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातला तिसरा परिच्छेद मला अजून सपक वाटतो. पण त्यात प्रत्येक वाक्य मुलाला स्वतःच्या अनुभवावर घासून बघता येतं, आणि जे पटत नाही ते बदलता येतं. आमच्या एका पोराने “रात्री फोन स्वयंपाकघरात” खोडून “रात्री फोन बापाच्या उशाखाली, त्याला जाग येते म्हणून” असं केलं. मी अर्धा गुण जास्त दिला.

आता मागण्या. मोजक्याच आहेत.

गाइड आणि प्रश्नसंच लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत या विषयाचं जुनं उत्तर काढून टाकावं. निदान ज्या आकड्याचा उगम तुम्हाला सांगता येत नाही तो काढावा, आणि बंद ॲपांची नावं वर्तमानकाळातून हलवावीत. तयार उत्तर द्यायचंच असेल तर पहिला परिच्छेद मोकळा ठेवावा. आणि ‘सावध राहावे’ जिथे येतं, तिथे 1930 आणि खातं खासगी कसं करायचं त्याच्या दोन ओळी छापाव्यात. कागद तेवढाच लागतो.

क्लासवाल्यांना विनंती, की परीक्षेआधी एकदा तरी वर्गात हा निबंध तोंडी घ्या. लिहून देऊ नका. कुणाची स्ट्रीक किती, कुणाच्या आईला पासवर्ड माहीत आहे, एवढं विचारलं तरी तास पुरत नाही.

तपासणाऱ्या सहकाऱ्यांना : निबंधात ‘मुद्दे’ शोधताना अंकांनी सुरू होणारी वाक्यं शोधू नका. विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला एक प्रसंग आणि त्यामागचं कारण नेमकं सांगितलं असेल, तर आशयाचे गुण पूर्ण द्या. शब्दशः पाठ केलेलं उत्तर सहापैकी तीनच्या वर जाऊ नये, मग अक्षर कितीही सुंदर असो. आणि मॉडरेटरांनी गठ्ठ्यातून नमुने काढताना कमी गुणांचे निबंधही वाचावेत. जास्त गुणांचे तर सारखेच असतात.

आमच्या विभागाला : झेरॉक्स वाटायचा निर्णय मागे घ्यावा. आणि त्या मुलीचा निबंध दुसऱ्या परीक्षकाकडून, पहिले गुण झाकून, पुन्हा तपासून घ्यावा. तसं लेखी पत्र मी प्राचार्यांकडे दिलेलं आहे. पूर्वपरीक्षेचे गुण कुठे धरत नाहीत, मग कशाला, असं मला विचारण्यात आलं. ती मुलगी बोर्डाच्या परीक्षेसाठी आता ‘आजचे युग’ पाठ करते आहे. परवा तिने मला वही दाखवली. माझं 2016 चं वाक्य तिने हिरव्या पेनाने अधोरेखित केलं होतं.

आपली,
मराठीची एक शिक्षिका